वाचकाला काय विचारावे

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत मराठीतून लिहिणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे पोट लेखनावर चालत नाही. देवस्थानच्या उत्सवासाठी नवे नाटक लिहिणारा शिक्षक, शाळेच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास जुळवणारा निवृत्त कारकून, रविवारच्या पुरवणीला लेख पाठवणारी गृहिणी, दिवाळी अंकासाठी कथा पुरी करू पाहणारा तरुण, या सगळ्यांच्या वाटेवर एक टप्पा सारखाच येतो. मसुदा पूर्ण होतो आणि संपादकाकडे किंवा तालमीला जाण्याआधी तो विश्वासातल्या एखाद्या माणसाच्या हाती दिला जातो. देताना बहुधा एकच प्रश्न असतो: कसे झाले आहे? उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. बरे झाले आहे, फक्त जरा लांबले आहे. मसुदा परत येतो आणि जसा गेला होता तसाच पुढे जातो. या पुस्तिकेचा विषय हा एवढाच टप्पा आहे. तिचे म्हणणे असे की वाचकाकडे निकाल मागण्याऐवजी साक्ष मागावी. वाचताना आपल्याला काय झाले हे वाचकच सांगू शकतो, आणि ते त्याने सांगावे असे वाटत असेल तर प्रश्न नेमका करावा लागतो. त्या म्हणण्यामागची कारणे आणि त्यावर घेता येतील असे आक्षेप या प्रस्तावनेत मांडले आहेत.

‘कसे झाले आहे?’ हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात वाचकावर तीन कामे पडतात. मजकूर त्याला कळला का, तो त्याला आवडला का, आणि तो छापण्याजोगा आहे का, या तिन्ही गोष्टींचे उत्तर त्याने एका शब्दात द्यायचे असते. यांतले पहिले काम तो उत्तम करू शकतो, कारण आपल्याला काय कळले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तिसऱ्यासाठी मात्र अंकाचे धोरण, इतर मजकूर, वाचकवर्ग अशा अनेक गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि त्या बहुधा त्याला माहीत नसतात. प्रश्न एकत्र विचारला की वाचक सगळ्यांत सोपे, म्हणजे आवडीचे उत्तर देतो, आणि तेही समोर बसलेल्या माणसाकडे पाहून देतो. गावात लेखक आणि वाचक रोज भेटणारे असतात. एकाची मुलगी दुसऱ्याच्या वर्गात असते, जत्रेला दोघे एका समितीवर असतात. अशा ठिकाणी ‘जमले नाही’ हे शब्द मजकुरापुरते उरत नाहीत, ते माणसाला लागतात. म्हणून ते उच्चारलेच जात नाहीत. मजकुरावरून माणसाकडे वळलेला अभिप्राय फारसा कामाचा राहत नाही, याला मानसशास्त्रात आधार आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरीने कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती खालावलेली आढळली. लक्ष हातातल्या कामावरून उठून माणसाच्या स्वतःकडे वळते तेव्हा अभिप्रायाची ताकद कमी होते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ते अभ्यास लेखनापुरते नव्हते. तरी ‘तुम्ही छान लिहिता’ हे वाक्य हातातल्या पानाबद्दल काहीच का सांगत नाही, हे त्यावरून समजते.

नेमक्या प्रश्नाने काय साधते याचा एक चांगला नोंदलेला दाखला इंग्रजी कवितेत सापडतो. टी. एस. एलियटने ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये छापली. तिचे मसुदे बरीच वर्षे हरवलेले मानले जात होते. ते सापडल्यावर १९७१ मध्ये त्यांची छायाप्रत प्रसिद्ध झाली, त्यामुळे कोणत्या वाचकाने कुठे काय लिहिले हे आज कोणालाही पाहता येते. एका प्रवेशाच्या समासात एलियटची पत्नी व्हिव्हियन हिने ‘अप्रतिम’ अशा अर्थाचा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. त्या शब्दाने एलियटला बरे वाटले असेल, पण त्यापुढे त्याने करण्यासारखे काही नव्हते. त्याच भागात दारूच्या गुत्त्यातले एक संभाषण येते. तिथे व्हिव्हियनने एका बाईच्या तोंडी घालायचे वाक्य सुचवले आणि ते कवितेत गेले. वाचक एकच, नाते एकच, जिव्हाळाही तोच. फरक एवढाच की एका जागी तिने शेरा मारला आणि दुसऱ्या जागी विशिष्ट ओळीपाशी उभे राहून काही सांगितले. एझ्रा पाउंड हा दुसरा वाचक. त्याच्या खुणा याहून निष्ठुर आहेत. जिथे एलियटने ‘कदाचित’सारखा शब्द वापरून स्वतःला मोकळे ठेवले, तिथे पाउंडने ठरव एकदाचे अशा अर्थाचे लिहिले आहे. तो शेरा तिखट आहे, पण तो एका शब्दाबद्दल आहे. त्यामुळे कवीला काय करायचे हे समजते आणि करायचे नसेल तर का नाही याचा विचारही करता येतो.

त्यानंतरची पायरी आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. कवितेचा चौथा भाग मसुद्यात नव्वदेक ओळींचा होता. पाउंडने त्यातले समुद्रप्रवासाचे लांबलचक वर्णन काढायला लावले आणि बुडालेल्या फ्लीबस नावाच्या खलाशावरच्या दहा ओळी तेवढ्या उरल्या. एवढे गेल्यावर या दहांचे काय, अशी शंका एलियटला आली. त्याने जानेवारी १९२२ मध्ये पाउंडला पत्र लिहिले. त्यात कविता कशी झाली हे विचारलेले नाही. आधीच छापलेली ‘गेरोन्शन’ ही कविता हिच्यापुढे उपोद्घातासारखी घालावी का, आणि फ्लीबसही आता काढून टाकावा का, असे सुटे प्रश्न आहेत. पाउंडचे उत्तर तितकेच सुटे आले. ‘गेरोन्शन’ पुढे घालू नये. फ्लीबस मात्र ठेवलाच पाहिजे, कारण पहिल्या भागातल्या पत्त्यांच्या जुडीत बुडालेल्या खलाशाचे पान येऊन गेलेले आहे आणि ज्याची चाहूल तिथे लागली तो इथे प्रत्यक्ष यायला हवा. या उत्तरातले कारण पाहण्यासारखे आहे. ते आवडीनिवडीचे नाही, रचनेचे आहे. आणि ते मिळाले कारण प्रश्न एका जागेबद्दल होता. चाळीस पाने वाचून ‘जोरदार आहे’ म्हणणाऱ्याला चौथ्या भागाचा पहिल्याशी दुवा शोधायचे काही निमित्तच नसते. दुसरे असे की शंका एलियटची स्वतःची होती. पाउंडने आधी केलेल्या काटछाटीतून ती निर्माण झाली, आणि ती अंगावर वागवत बसण्याऐवजी एलियटने तिला प्रश्नाचे रूप दिले.

मराठीत हे काम बराच काळ संपादकांनी केले. ‘सत्यकथा’ हे मासिक १९३३ मध्ये निघाले आणि १९८२ मध्ये थांबले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाती ते असताना हस्तलिखित परत करतानाही त्यासोबत कथेच्या विशिष्ट जागांबद्दल लिहिण्याची आणि पुनर्लेखन सुचवण्याची रीत तिथे होती, आणि मौज प्रकाशन गृहाच्या पुस्तकांनाही त्या वाचनाचा लाभ झाला. अशा संपादकाला लेखकाने काय विचारावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. कुठे पाहायचे ते संपादकालाच माहीत असे. आज गोव्यातल्या एखाद्या स्मरणिकेला किंवा पुरवणीला एवढ्या सावकाश वाचणारा माणूस ठेवणे परवडत नाही. शब्दमर्यादा आणि मुद्रितशोधन एवढेच तिथे पाहिले जाते. म्हणजे पूर्वी संपादकाकडून येणारे प्रश्न आता लेखकाला स्वतःच तयार करावे लागणार आणि सामान्य, पण चोख वाचणाऱ्या माणसापुढे ठेवावे लागणार. राम पटवर्धनांसारखा वाचक प्रत्येक तालुक्याला मिळणे शक्य नाही. प्रश्न बरोबर असेल तर मात्र माध्यमिक शाळेतला एखादा शिक्षक, बँकेतली एखादी वाचनवेडी कर्मचारी किंवा रापण ओढणारा मच्छीमारही लेखकाला उपयोगाची साक्ष देऊ शकतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ते रचलेले आहे, पण त्यातला विषय मोरजीचाच आहे. समजा, मोरजीच्या टेंबवाड्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांवर कोणी दीड हजार शब्दांचा लेख दिवाळी अंकासाठी लिहिला आहे. पहिल्या भागात रात्री किनाऱ्यावर चढणारी मादी आणि तिने वाळूत घातलेली शंभर-सव्वाशे अंडी आहेत. दुसऱ्यात थोडे शास्त्र आहे: अंडी साधारण दीड ते दोन महिन्यांनी फुटतात, आणि घरट्यातली वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर जास्त. तिसऱ्या भागात किनाऱ्यावरचे शॅक, त्यांचे दिवे आणि पिल्लांवर होणारा परिणाम. चौथ्यात पूर्वी अंडी उकरून नेणारे गावकरी आणि १९९० च्या दशकापासून वनखात्याच्या बरोबरीने घरटी राखू लागलेले गावकरी. लेखकाला जे म्हणायचे आहे ते एका वाक्यात असे: घरटे कुंपण घालून राखता येते, पण पिल्लू समुद्राला मिळेल की नाही हे किनाऱ्यामागच्या उजेडावर ठरते. हे वाक्य लेखात कुठेही सरळ लिहिलेले नाही. वाचकाने ते स्वतः गाठावे अशी लेखकाची इच्छा आहे. वाचक दोन आहेत. एक मोरजीतला जुना रापणकार, दुसरी कोल्हापूरकडची, समुद्रकाठाची फारशी ओळख नसलेली चांगली वाचक.

दोघांना सारखेच प्रश्न विचारून चालणार नाही, कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी ठाऊक आहेत. कोल्हापूरच्या वाचकाला विचारायचे ते असे: लेख बाजूला ठेवा आणि दिव्यांमुळे किनाऱ्यावर नेमके काय बिघडते ते दोन-तीन वाक्यांत लिहून द्या. हा प्रश्न पाठवण्याआधी लेखकाने अपेक्षित उत्तर स्वतःसाठी लिहून ठेवायचे. पद्धतीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच टाळला जातो. इथे अपेक्षित उत्तर असे असेल: वाळूतून वर आलेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे चालू लागते, अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, मागे दिवे असले की पिल्लू उलटे जमिनीकडे जाते आणि थकून, सुकून किंवा कुत्र्याकावळ्याच्या तोंडी पडून मरते. आता समजा वाचकाने लिहिले की दिव्यांच्या उष्णतेने वाळू तापते आणि सगळ्या माद्याच जन्मतात. उत्तर चुकीचे आहे, पण वाचक चुकलेली नाही. मसुद्यात तापमानाचा मजकूर दिव्यांच्या मजकुराला अगदी लागून आला आहे. तापण्याचा परिणाम सांगून होताच पुढच्या ओळीत दिवे आले, म्हणून कोणताही लक्ष देऊन वाचणारा माणूस दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडील. उपाय वाचकाने सांगितलेला नाही आणि तिने सांगण्याची गरजही नाही. तापमानाचा परिच्छेद उचलून पिल्लांच्या प्रवासानंतर न्यावा, की त्याला कात्री लावावी, हे लेखकाने ठरवायचे आहे. ‘लेख कसा वाटला?’ असे विचारले असते तर याच वाचकाने मनापासून ‘फार माहितीपूर्ण’ म्हटले असते, आणि चुकीची समजूत तिच्या मनात तशीच राहिली असती.

रापणकाराला हे विचारण्यात अर्थ नाही. पिल्ले दिव्याकडे जातात हे त्याने पाहिलेले असते, त्यामुळे मसुद्यात नसलेली माहितीही तो स्वतःच्या अनुभवाने भरून काढील आणि सगळे कळले असे सांगेल. त्याच्याकडून दोन गोष्टी मिळवता येतात. पहिली वस्तुस्थितीची. ‘मादी वर येते त्या रात्रीचे वर्णन मी असे केले आहे, तुम्ही पाहिले त्यापेक्षा वेगळे यात काय आहे?’ इथे ‘बरोबर आहे ना?’ असे विचारले तर होकार येणार, म्हणून वेगळे काय तेच विचारायचे. दुसरी गोष्ट चौथ्या भागाची. पूर्वी लोक अंडी काढून खात, हे सत्य आहे आणि ते लपवले तर लेख खोटा होईल. पण ते कोणत्या सुरात लिहिले आहे हे लेखकाला स्वतःला ऐकू येत नाही. तेव्हा असे विचारावे: ‘काका, या भागातले असे एखादे वाक्य आहे का, जे मी देवळासमोर चार माणसांत वाचले तर तुम्ही मला मध्येच थांबवाल?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येऊ शकते आणि तेही उपयोगाचे आहे. ‘आहे’ असे आले तर वाक्य कोणते हे लगेच कळते. समजा, त्याने बोट ठेवले ते अंडी खाण्याच्या उल्लेखावर नाही, तर ‘आता गावकऱ्यांना जाग आली’ या वाक्यावर. जाग आली म्हणजे आधी सगळे झोपले होते का, असे त्याचे म्हणणे. लेखकाला जी जागा धोक्याची वाटत होती ती सुरक्षित होती आणि जी त्याने सहज लिहिली ती बोचली. असे नेहमीच घडेल असे नाही, पण घडले की ते वाक्यासकट हाती येते.

या दोन वाचनांवरून चांगल्या प्रश्नाची काही लक्षणे सांगता येतात. पान न वाचताही ज्याचे उत्तर ‘हो’ देता येईल तो प्रश्न टाकून द्यावा. ‘दुसरा भाग जरा लांबला आहे, नाही?’ हा असा प्रश्न आहे. त्यात लेखकाने आपलीच शंका वाचकाच्या तोंडी घातली आहे. त्याऐवजी दुसरा भाग पेन्सिल हाती घेऊन वाचायला सांगावे आणि जिथे डोळे पुढच्या ओळीवर उडी मारतात तिथे समासात रेघ मारायला सांगावे. रेघा एकाच परिच्छेदात गोळा झाल्या तर अडचण त्या परिच्छेदात आहे. विखुरलेल्या असल्या तर लांबीपेक्षा वाक्यरचनेकडे पाहावे. दुसरे लक्षण असे की प्रश्न वाचकाला काय घडले याबद्दल असावा, काय करावे याबद्दल नसावा. रुग्णाने कुठे आणि केव्हा दुखते ते सांगायचे असते, औषध ठरवणे वैद्याकडे असते. एझ्रा पाउंडसारखा स्वतः कारागीर असलेला वाचक मिळाला तर उपायही विचारावा, एलियटने विचारला तसा. तसा वाचक नसेल तर उपाय विचारल्याने नुकसान होते, कारण मग वाचक आपला अनुभव सांगायचे सोडून संपादकाची भूमिका वठवू लागतो. अमेरिकेतले लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ च्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात वाचकाकडून हेच मागितले होते: वाचताना मनात ओळीओळीने काय चालले होते त्याचा वृत्तांत. आणि प्रश्न थोडे असावेत. तीन-चारांच्या पुढे गेले की वाचक लेख वाचत नाही, परीक्षा देतो.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. लेखकाला जिथे शंका आहे तिथलेच प्रश्न तो विचारणार. ज्या दोषाची त्याला कल्पनाच नाही तो प्रश्नांच्या उजेडाबाहेर राहणार. शिवाय आधीच प्रश्न हाती दिले तर वाचक ते शोधत वाचील आणि त्याचे स्वाभाविक वाचन बिघडेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून क्रम पाळावा लागतो. वाचकाने पहिले वाचन प्रश्नांशिवाय, सलग करायचे आणि हातात फक्त पेन्सिल ठेवायची: थांबलो तिथे एक खूण, परत मागे गेलो तिथे दुसरी. प्रश्न बंद पाकिटात किंवा निदान शेवटच्या वेगळ्या कागदावर द्यायचे आणि वाचन संपल्यावर उघडायला सांगायचे. शेवटचा प्रश्न मोकळा ठेवायचा: मी विचारायला हवे होते आणि विचारले नाही असे काय राहिले? वरच्या उदाहरणातली ‘जाग आली’ची बोच अशीही बाहेर आली असती. पण हा मोकळा प्रश्न शेवटीच चालतो. नेमक्या प्रश्नांनी वाचकाचे बोट पानावर आणलेले असते, तेव्हा मोकळ्या प्रश्नाचे उत्तरही पानाबद्दल येते. तोच प्रश्न आधी विचारला तर गाडी पुन्हा ‘बरे झाले आहे’ या स्टेशनावर येऊन थांबते. एक गोष्ट मात्र कोणत्याच क्रमाने साधत नाही. वाचक कोऱ्या मनाने एकदाच वाचू शकतो. त्याने कासवांचा लेख एकदा वाचला की दिव्यांचे काय होते हे त्याला कळलेले असते. सुधारलेला मसुदा तपासायला तो उपयोगी नाही. म्हणून सगळ्या विश्वासू माणसांना पहिलाच खर्डा वाटू नये, एखादा वाचक राखून ठेवावा.

दुसरा आक्षेप रीतिभातीचा आहे. ज्या मास्तरांनी आपल्याला बाराखडी शिकवली त्यांच्या हाती प्रश्नांचा कागद द्यायचा, हा उद्धटपणा नाही का? वरवर तसे वाटते. पण ‘मास्तर, कसे आहे ते सांगा’ असे म्हणणारा त्यांना अधिक अवघड जागी बसवतो. खरे सांगावे तर शिष्य दुखावतो, न सांगावे तर आपली विद्या वाया जाते. ‘तिसऱ्या पानावर मी पोर्तुगीज काळातल्या पेडण्याचा संदर्भ दिला आहे, ज्याला तो इतिहास माहीत नाही त्याला हे वाक्य कळेल का?’ असे विचारणे म्हणजे त्यांच्या माहितीला आणि शिकवण्याच्या अनुभवाला मान देणे आहे. आणि याचे उत्तर ‘कळणार नाही’ असे आले तरी त्यात कोणाचा अपमान नाही. तो एका वाक्याबद्दलचा शब्द आहे. ज्या समाजात माणसे एकमेकांना जपून बोलतात तिथे नेमका प्रश्न अधिक गरजेचा ठरतो, कारण खरे बोलूनही नाते सांभाळायची सोय तो करून देतो.

तिसरा आक्षेप लेखकाच्या स्वत्वाचा आहे. विश्वासू वाचकाचे इतके ऐकत राहिले तर लेखन त्याच्याच अभिरुचीचे होईल, ही भीती मराठीला नवी नाही. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्यामागे एका अभिरुचीचे वर्चस्व हीच तक्रार होती. त्या तक्रारीचा न्याय इथे करण्याचे कारण नाही, पण तिच्यातला धोका खरा आहे: जो वाचक छापायचे की नाही हे ठरवतो त्याची सूचना सूचना राहत नाही, अट होते. इथे सांगितलेल्या पद्धतीत मात्र वाचकाच्या हाती सत्ता नाही. तो कुठे अडखळला ते सांगतो, अडखळण ठेवायची की काढायची ते लेखक ठरवतो. कधीकधी ती ठेवणेच योग्य असते. मोरजीच्या लेखातले रापण, मांगर हे शब्द कोल्हापूरच्या वाचकाला क्षणभर थांबवतील. पुढच्या दोन वाक्यांत अर्थ लागत असेल तर ते थांबणे लेखाच्या फायद्याचे आहे. म्हणून तिला ‘हे शब्द अवघड वाटले का?’ असे न विचारता ‘पुढे वाचताना अर्थ लागला का, आणि कुठे लागला?’ असे विचारावे. स्वतःच्या मसुद्याबद्दल लेखकाने काही ठरवलेलेच नसते तेव्हा वाचकाची अभिरुची त्यात शिरते. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवणारा लेखक आपला हेतू आधीच पक्का करतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विषय लिहिण्याजोगा आहे का, किंवा लेखकाच्या अंगी कला आहे का, यांची उत्तरे तिच्यातून मिळत नाहीत. नाटकाच्या बाबतीत कागदावरचे प्रश्न पुरत नाहीत. तालमीआधीच्या मोठ्याने वाचनात, कोण बोलते आहे हे ऐकणाऱ्याला कुठे कळेनासे झाले, हे विचारावे लागते, कारण प्रेक्षकाला पान मागे उलटता येत नाही. आणि कधी लेखकाला खरोखर धीरच हवा असतो. त्यात गैर काही नाही. तेव्हा सरळ म्हणावे की आज चूक दाखवू नका, पुढे लिहावे असे वाटेल असे काही सांगा. घोळ होतो तो धीर हवा असताना परीक्षण मागितल्याने, किंवा परीक्षण हवे असताना धीर घेऊन परतल्याने. सर्वांत कडक मर्यादा मात्र लेखकाला स्वतःलाच जाणवते. पुष्कळदा तो कागद घेऊन बसतो आणि त्याला तीन प्रश्नही सुचत नाहीत. वाचकाने काय समजून उठावे हे त्याला एका वाक्यात लिहिता येत नाही, मग ते समजले की नाही हे तो कसे विचारणार? अशा वेळी मसुदा कोणाकडेही पाठवू नये. वाचकाचे कोरे मन एकदाच मिळते, आणि हे वाचन लेखकाने आधी स्वतः करायचे होते. पुढल्या पानांतले प्रश्नांचे नमुने जसेच्या तसे उतरवून घेण्यासाठी दिलेले नाहीत. प्रत्येक नमुन्याशेजारी अपेक्षित उत्तरासाठी जागा मोकळी ठेवली आहे; ती आधी भरावी आणि मगच वाचकाचे दार ठोठावावे.

मोरजी, पेडणे